लर्निंगच्या प्रश्नसंचात चिन्हांची चित्रंच नसतील तर अभ्यास कसा करायचा

प्रश्न: दादा, गाडीच्या लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी मला व्हॉट्सअपवर एक प्रश्नसंच आलाय, त्यात "पुढील चिन्ह काय दर्शवते" असं लिहून खाली तीन पर्याय आहेत पण चिन्हच दिसत नाही, जागा कोरी आहे. शेवटच्या पानावर नुसते 1, 2, 3 असे उत्तरांचे आकडे आहेत. ते पाठ करून चालेल का? पुढच्या बुधवारी परीक्षा आहे, मी नाशिकचीच आहे.

ताई, ते आकडे पाठ करू नका, एकही नको. मी नाशकात गेली बावीस वर्षं गाडी शिकवतोय आणि लर्निंगला नापास होणारी जी पोरं माझ्याकडे रडत येतात त्यातली निम्मी ह्याच आकड्यांमुळे गेलेली असतात. कारण सांगतो. ह्या प्रश्नसंचात तेच तीन पर्याय वेगवेगळ्या चित्रांखाली परत परत येतात. म्हणजे "थांबा", "वाहने उभी करण्यास मनाई", "पुढे दवाखाना आहे" हे तिन्ही एका प्रश्नात आले आणि चित्र थांबाचं असेल तर उत्तर पहिलं, आणि चार प्रश्न सोडून हेच तिन्ही पुन्हा आले पण चित्र दवाखान्याचं असेल तर उत्तर तिसरं. चित्र गेलं की हे दोन्ही प्रश्न कागदावर हुबेहूब सारखे दिसतात, मग तुम्ही पाठ काय करणार? सिन्नरकडचा एक मुलगा असाच आकडे घोकून गेला होता, आपल्याकडे 15 प्रश्न असतात आणि 9 बरोबर लागतात, त्याचे 7 आले, आणि चुकलेले जवळजवळ सगळे चिन्हांचे होते, नियमांचे लेखी प्रश्न त्याला छान येत होते.

पण तो प्रश्नसंच फेकूनही देऊ नका, उलटा वापरा. चित्रावरून अर्थ शोधायचा ऐवजी प्रत्येक पर्याय वाचायचा आणि त्याचं चित्र आपण वहीत काढायचं. एका प्रश्नाचे तीन पर्याय म्हणजे तीन चित्रं. ते तीन तुम्हाला काढता आले की परीक्षेत त्यातलं कुठलंही एक समोर येऊ दे, तुमचं चुकणार नाही. चित्रकला यायची गरज नाही, गोल, त्रिकोण, चौकोन आणि बाण एवढं आलं तरी पुरे. लाल आणि निळा असे दोन स्केचपेन मात्र घ्या, का ते खाली कळेल.

आता चित्र काढायला सुरुवात कुठून करायची, तर आधी आकार. आपल्या मोटार वाहन कायद्यात, म्हणजे 1988 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, चिन्हांची तीन घराणी दिलीत. गोल म्हणजे हुकूम, तो मोडला तर दंड. त्रिकोण, टोक वर आणि कडेला लाल पट्टी, म्हणजे सावध करणं, पुढे काहीतरी आहे बाबा जपून ये. आणि निळा चौकोन किंवा आयत म्हणजे माहिती, पेट्रोल पंप आहे, दवाखाना आहे, पार्किंग आहे. पर्याय वाचल्यावर स्वतःला एकच विचारायचं की हे वाक्य हुकूम देतंय, सावध करतंय का माहिती सांगतंय. "मनाई", "सक्तीचे" असे शब्द दिसले की गोल. "पुढे अरुंद पूल आहे", "उजवीकडे वळण", "निसरडा रस्ता" हे सावध करणं, म्हणून त्रिकोण. "पुढे दवाखाना आहे" ह्यात पण पुढे शब्द आहे, तिथे बरेच जण फसतात, पण दवाखान्यापासून गाडीला धोका नाही, ती सोय आहे, म्हणून निळा चौकोन.

गोलात मग दोन पोटप्रकार आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. आत पांढरं, कडेला लाल कडं आणि काळ्या रंगात चित्र असेल तर ते "करू नका" किंवा "याच्यापुढे जाऊ नका" असं सांगतं. आत सगळं निळं आणि पांढऱ्या रंगात चित्र असेल तर "हे करायचंच" असं सांगतं. हॉर्नचं घ्या, हे परीक्षेत हमखास असतं. लाल कड्यात काळा हॉर्न आणि त्यावर तिरकी लाल रेघ म्हणजे हॉर्न वाजवायला मनाई. निळ्या गोलात पांढरा हॉर्न, रेघ नाही, म्हणजे हॉर्न वाजवणं सक्तीचं. मनाईचं चिन्ह दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आसपास शोभतं कारण त्यांच्या भोवतीचं किमान 100 मीटरचं अंतर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं, म्हणजे त्र्यंबक रोडला आपल्या सिव्हिल हॉस्पिटलजवळून जाताना तेच डोक्यात ठेवायचं. आणि सक्तीचा हॉर्न कुठे, तर जिथे समोरचं काहीच दिसत नाही अशा आंधळ्या वळणावर. दोन्ही जागा डोळ्यासमोर आणल्या की उलटसुलट होत नाही.

इथे झेरॉक्सबद्दल सांगायलाच हवं, कारण पुष्कळ जणांच्या प्रश्नसंचात चित्र असतं पण झेरॉक्सची झेरॉक्स काढून लाल आणि निळं दोन्ही काळं झालेलं असतं, आणि मग ते म्हणतात चित्र असून उपयोग नाही. उपयोग आहे. रंग गेला तरी आत उजेड आहे का अंधार हे दिसतं. गोलाच्या आत पांढरी जागा आणि चित्र काळं असेल तर ते मूळचं लाल कड्याचं, म्हणजे मनाई किंवा मर्यादा. गोल आतून गडद आणि चित्र पांढरं असेल तर तो मूळचा निळा, म्हणजे सक्ती. ही खूण मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो.

आता ह्या नियमाला न जुमानणारी मोजकीच चिन्हं आहेत, ती वेगळी पाठच करायची. थांबा हे गोल नसतं, आठ कोनांचं लाल असतं. रस्ता द्या, म्हणजे समोरच्या रस्त्यावरच्या गाडीला आधी जाऊ द्या, हा उलटा त्रिकोण असतो, टोक खाली. ही दोन हुकूमच आहेत, पण त्यांचा आकार मुद्दाम जगावेगळा ठेवलाय, पाटी धुळीने माखली किंवा मागून दिसली तरी नुसत्या आकारावरून ओळखू यावी म्हणून. प्रवेश बंद हा आतून पूर्ण लाल गोल आणि मधे आडवी पांढरी पट्टी. मर्यादा संपली हा पांढरा गोल आणि त्यावर तिरकी काळी रेघ, ह्यात लाल नाहीच, कारण तो बंधन काढून घेतोय.

आणि सगळ्यात जास्त मार्क खाणारा अपवाद म्हणजे पार्किंगचा. वाहने उभी करण्यास मनाई हे चिन्ह गोल, पण आतून निळं आणि कडेला लाल, त्यावर एक तिरकी लाल रेघ. आतून निळं दिसलं की पोरं लगेच "सक्तीचे" वर बोट ठेवतात. तसं नाही, लाल रेघ आली की मनाईच. आणि रेघा दोन असतील, फुलीसारख्या, तर ते थांबायला किंवा उभं राहायलाच मनाई, म्हणजे माणूस उतरवायला सुद्धा थांबायचं नाही. एक रेघ म्हणजे गाडी लावू नका, दोन रेघा म्हणजे थांबूच नका, हे दोन एकाच प्रश्नाचे पर्याय म्हणून येतात. कॉलेज रोडला दुकानासमोर "दोन मिनिटं थांबतो" म्हणणाऱ्यांना हा फरक माहीत नसतो. पार्किंगला परवानगी मात्र गोलात नसते, ती निळ्या चौकोनातली पांढरी P अक्षराची पाटी.

आता तुमच्या कोऱ्या प्रश्नसंचातला एक प्रश्न धरून पूर्ण करून दाखवतो. समजा पर्याय असे आहेत: 1) डावीकडे वळण्यास मनाई, 2) डावीकडे वळणे सक्तीचे, 3) डावीकडे वळण. तिन्हीत डावा बाण आहे, म्हणून नुसतं "डावा बाण दिसला" एवढं लक्षात ठेवून काही होत नाही. पहिला पर्याय वाचा, मनाई आहे, म्हणजे गोल, लाल कडं, आत पांढरं, काळा बाण वर येऊन डावीकडे वळलेला आणि त्यावर तिरकी लाल रेघ. तो काढा. दुसरा, सक्तीचे आहे, म्हणजे निळा गोल आणि डावीकडे वळलेला पांढरा बाण, रेघ नाही. तिसऱ्यात मनाई पण नाही सक्ती पण नाही, नुसतं रस्ता कसा जातोय ते सांगितलंय, म्हणून त्रिकोण, आत काळा बाण डावीकडे वाकलेला. तीन चित्रं शेजारी शेजारी काढून बघितली की कळतं की बाण तिन्हीत सारखाच, फरक सगळा त्याच्या भोवतीच्या चौकटीत आहे. परीक्षेत असा प्रश्न आला की बाणाकडे बघायचंच नाही, आधी चौकट बघायची.

ह्याच्यात चौथा भाऊ पण येतो अधूनमधून, "डाव्या बाजूने चला". तो पण निळा गोल, पण बाण वळलेला नसतो, तिरका असतो आणि टोक खाली डावीकडे असतं. वळा म्हणजे बाण वर जाऊन वळतो, बाजूने चला म्हणजे बाण तिरका खाली येतो, जसा दुभाजकाच्या सुरुवातीला आपल्याला कुठल्या बाजूने जायचं ते बोट दाखवून सांगतात तसा.

पादचाऱ्यांचं पण असंच आहे, पादचारी मार्ग पुढे आहे हे त्रिकोणात चालणारा माणूस, आणि पादचाऱ्यांना मनाई हे लाल कड्याच्या गोलात चालणारा माणूस वर रेघ. आणि क्रॉसचं बघा, त्रिकोणात काळी अधिकची खूण म्हणजे पुढे चौक आहे, निळ्या चौकोनात लाल अधिकची खूण म्हणजे प्रथमोपचार केंद्र, त्याखाली खाट पण असेल तर दवाखाना. मखमलाबादच्या एका मावशींनी मला विचारलं होतं की दोन्हीला क्रॉसच म्हणतात तर ओळखायचं कसं, तर हेच, चौकट बघायची.

पण ताई, चौकट बघून सगळं सुटत नाही. तिन्ही पर्याय त्रिकोणातलेच असतील तर? उदाहरणार्थ "पुढे अरुंद पूल आहे", "पुढे रस्ता अरुंद आहे", "पुढे रस्ता रुंद आहे". तिन्ही सावध करणारे, तिन्ही लाल कडेचे त्रिकोण. इथे आतलं चित्रच बघावं लागतं आणि ते बघायची एक पद्धत आहे जी मला माझ्या उस्तादांनी शिकवली होती, चित्र खालून वर वाचायचं. त्रिकोणाच्या तळाशी तुमची गाडी आहे असं समजायचं आणि वरच्या दिशेने तुम्ही जाताय. मग दोन रेघा खाली लांब आणि वर जवळ आल्या असतील तर तुम्ही रुंद रस्त्यावरून अरुंद रस्त्यावर जाताय, पुढे रस्ता अरुंद. खाली जवळ आणि वर लांब असतील तर पुढे रस्ता रुंद. आणि अरुंद पुलाच्या रेघा मधेच एकमेकीजवळ येतात आणि वर परत लांब जातात, दोन कंस पाठीला पाठ लावून उभे असल्यासारख्या, कारण पूल संपला की रस्ता पुन्हा मोठा होतो. हे एकदा समजलं की पाठ करायची गरजच नाही, दरवेळी नव्याने काढता येतं.

खालून वर वाचायची हीच पद्धत वळणांना लागते आणि तिथे तर तिच्याशिवाय पर्याय नाही. "उजवे वळण" हा एकदाच वाकलेला बाण. "उजवीकडे नागमोडी वळण" ह्यात बाण आधी उजवीकडे जातो, मग डावीकडे येतो. आता बाणाचं टोक बघून उत्तर दिलं तर टोक तर डावीकडे झुकलेलं दिसतं, आणि माणूस डावं वळण म्हणून बसतो. नाव पहिल्या वळणावरून पडतं, टोकावरून नाही, म्हणून खालून सुरुवात करायची आणि पहिल्यांदा कुठे वळलं ते बघायचं. केसाच्या पिनेसारखं वळण, म्हणजे हेअरपिन, त्यात बाण पूर्ण मागे वळून जवळजवळ उलटा येतो. सप्तशृंगी गडाच्या घाटात बसने गेला असाल तर खिडकीतून बघा, गाडी वळल्यावर आपण आत्ता आलो तोच रस्ता खाली दिसतो, ते हेअरपिन. उजवं हेअरपिन म्हणजे बाण उजवीकडून मागे येतो, डावं म्हणजे डावीकडून.

जोडरस्त्याची चिन्हं पण तशीच वाचायची. उभी जाड रेघ म्हणजे तुमचा रस्ता, तिला उजवीकडून एक रेघ येऊन मिळालीय म्हणजे उजवीकडे जोडरस्ता. वरच्या टोकाला आडवी रेघ म्हणजे टी चौक, तुमचा रस्ता तिथे संपतो आणि डावी किंवा उजवी धरावी लागते. वर दोन फाटे फुटले म्हणजे वाय. एकदा स्वतःला तळाशी उभं केलं की हे सगळं रस्त्याच्या नकाशासारखं दिसायला लागतं.

रेल्वे फाटकाचं जरा थांबून सांगतो कारण चित्र नसताना ह्या प्रश्नात सगळ्यात जास्त अंदाज मारले जातात. पर्याय बहुतेक वेळा "जवळ रेल्वे स्टेशन आहे", "रक्षक असलेले रेल्वे फाटक", "रक्षक नसलेले रेल्वे फाटक" असे येतात. पहिला तर माहितीचा, तो त्रिकोणात बसतच नाही. उरलेले दोन त्रिकोण. एकात इंजिन काढलेलं असतं, एकात कुंपणासारखं फाटक. लोकांना वाटतं इंजिन म्हणजे रेल्वे म्हणजे मोठं, रक्षक असलेलं. उलटं आहे. जिथे रक्षक आहे तिथे तुम्हाला आधी काय दिसणार, फाटक दिसणार, म्हणून चित्र फाटकाचं. जिथे रक्षक नाही तिथे फाटकही नाही, तिथे तुमच्यासमोर थेट इंजिनच येणार, म्हणून चित्र इंजिनाचं. हे मी वर्गात सांगितलं की कोणी परत चुकत नाही. त्रिकोणाच्या खाली तिरक्या पट्ट्या असतील तर त्या अंतर सांगतात, दोन पट्ट्या म्हणजे फाटक 200 मीटरवर, एक पट्टी म्हणजे 50 ते 100 मीटरवर आलं. फाटक जवळ येतं तशा पट्ट्या कमी होतात.

आकड्यांच्या गोलात एवढंच बघा की बाण कुठून दाबतायत. लाल कड्याच्या गोलात 50 असा नुसता आकडा म्हणजे वेग. आकड्याच्या डाव्या उजव्या बाजूने बाण आत दाबतायत म्हणजे रुंदीची मर्यादा, वरून खालून दाबतायत म्हणजे उंचीची, आकड्याबरोबर टनाचा ट म्हणजे इंग्रजी T असेल तर वजनाची. प्रश्नसंचात "2 मीटर रुंदीपेक्षा जास्त वाहनांना मनाई" आणि "उंची मर्यादा" असे पर्याय शेजारी येतात, तिथे आकडा न बघता बाण बघायचे.

आता बुधवारपर्यंत काय करायचं. आज उद्या तुमच्या कोऱ्या प्रश्नसंचातले फक्त चिन्हांचे प्रश्न घ्या आणि वहीत प्रत्येक पर्यायाचं चित्र काढा, एकच पर्याय दहा वेळा आला तरी एकदाच काढायचं. तुमच्या लक्षात येईल की शंभर प्रश्न असले तरी वेगळी चित्रं चाळीस पन्नासच निघतात. शुद्ध चित्र कसं असतं ते पडताळायला sarathi.parivahan.gov.in वर लर्निंगची सराव परीक्षा असते, तिथे चिन्हं रंगीत दिसतात, किंवा पहिल्या अनुसूचीची रंगीत प्रत मिळाली तर तिच्याशी जुळवा. माझ्या ह्या उत्तराशी पण जुळवा, आणि जिथे तुमचं चित्र वेगळं निघालं तिथे लाल पेनाने खूण करा. रस्त्यावरच्या काही पाट्या नव्या धाटणीच्या असतात, उदाहरणार्थ नो पार्किंगमधे P अक्षर पण घातलेलं असतं, त्याने गोंधळू नका, रेघ एक का दोन तेच बघा.

मग मंगळवारी उलटी परीक्षा घ्या. घरातल्या कोणाला तरी वही द्या, भावाला किंवा मुलीला, त्यांनी अर्थ झाकून नुसतं चित्र दाखवायचं आणि तुम्ही आधी मोठ्याने चौकट बोलायची, "लाल कड्याचा गोल" किंवा "त्रिकोण", आणि मगच अर्थ. चौकट न बोलता थेट अर्थ बोललात तर ते उत्तर बरोबर आलं तरी मोजू नका, परत दाखवायला सांगा. ज्या चित्राला दोनदा अडलात ते वेगळ्या पानावर घ्या. माझ्या अनुभवाने ते पान पार्किंगच्या दोन रेघा, नागमोडी वळणं, दोन फाटकं आणि सक्तीचा हॉर्न ह्यांनीच भरतं, पेठ रोडला आरटीओत जाऊन परीक्षा द्यायची असेल तर रिक्षात तेवढंच एक पान बघत जा, आणि घरूनच ऑनलाईन देणार असाल तर सुरू करायच्या आधी बघून मग ते बाजूला ठेवा.